भाव लागला, सौदे झाले, पण माझी ऑर्डर पेंडिंगच : रांगेत नंबर ठरतो तरी कसा?

वाटसरू

मंडळी, दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे, म्हणून धागा काढतोय. एका शेअरमध्ये मी सकाळी १०:४० ला ४०० शेअर घ्यायची, १०० पेक्षा जास्त भाव द्यायचा नाही अशी लिमिट ऑर्डर टाकली. त्या वेळी खरेदीच्या बाजूला सगळ्यात वरचा भाव १००.०० होता आणि त्यावर १,८०० शेअर दिसत होते. विक्रीच्या बाजूला १००.०५. म्हणजे माझ्यापुढे १,८०० शेअरचे खरेदीदार, त्यांच्यामागे मी.

दुपारी १२:०५ पर्यंत भाव तिथेच घुटमळला. सौद्यांची यादी मी नंतर बसून बेरीज केली. १००.०० या भावाने एकूण २,१०० शेअरचे सौदे झालेत. माझं साधं गणित असं की आधीचे १,८०० संपले, उरलेले ३०० मला मिळायला हवेत. मिळाला शून्य. त्यानंतर भाव उठला तो थेट १००.६० वर गेला, आणि माझी ऑर्डर खाली तशीच पडून राहिली.

ब्रोकरकडे विचारलं तर "एक्स्चेंजच्या नियमाप्रमाणे झालं आहे" एवढंच उत्तर मिळालं. नियम कोणता, ते कुणी सांगेल का? माझ्यापुढे कुणी घुसलं का?

तिरपा_कोन

मोठ्या ऑर्डरला आधी मिळतं हो. फंडवाले हजारोंनी घेतात, तुमच्या ४०० कडे कोण बघतंय? भाव सारखा असेल तर क्वांटिटी बघितली जाते, हे मी पूर्वी एका ट्रेनिंगमध्ये ऐकलंय.

जुनाखांब

तिरपा_कोन, तुम्ही ऐकलंत ते अगदीच हवेतलं नाही, पण इथे लागू नाही. त्यावर नंतर येतो.

वाटसरू साहेब, आधी एक प्रश्न. १०:४० ते १२:०५ या वेळात ऑर्डरला हात लावलात का? मॉडिफाय, रद्द करून परत टाकणं, काहीही.

वाटसरू

हो, एकदाच. ११:२० ला वाटलं की थोडे जास्त घ्यावेत, म्हणून ४०० चे ५०० केले. भाव १०० च ठेवला. त्याने काय फरक पडतो? ऑर्डर तर तीच आहे, ऑर्डर नंबरही तोच आहे.

जुनाखांब

तिथेच नंबर गेला तुमचा. नीट लिहितो, कारण मी बरीच वर्षं ब्रोकरच्या सिस्टिमच्या बाजूला काढली आहेत आणि हा प्रश्न मला शेकड्यांनी वेळा विचारला गेला आहे.

एक्स्चेंजचं मशीन दोनच गोष्टी बघतं. आधी भाव. खरेदीदारांत जो जास्त भाव द्यायला तयार तो पुढे, विकणाऱ्यांत जो कमी भावाला तयार तो पुढे. भाव सारखा असेल तर वेळ. जो आधी आला तो पुढे. तुम्ही कोण, किती मोठे, कुठल्या ब्रोकरकडून आलात, हे त्या रांगेत दिसतही नाही.

आता वेळ म्हणजे कुठली वेळ? तुम्ही बटण दाबलंत ती नव्हे. ऑर्डर ब्रोकरच्या तपासणीतून जाऊन एक्स्चेंजच्या मशीनमध्ये पोचते आणि तिथे तिला क्रमांक मिळतो, ती वेळ. आणि ऑर्डर बदललीत तर ही वेळ टिकते की नाही, हे काय बदललंत त्यावर आहे. क्वांटिटी कमी केलीत तर तुमची जागा शाबूत राहते, कारण त्यात मागच्यांचं नुकसान नाही. क्वांटिटी वाढवलीत किंवा भाव बदललात तर मशीनच्या दृष्टीने तुम्ही आत्ता आलात. ऑर्डर नंबर तोच राहतो, म्हणून आपल्याला वाटतं काहीच झालं नाही.

११:२० ला १००.०० वर एकूण किती दिसत होते, आठवतंय का? आणि तोवर १००.०० ला किती सौदे झाले होते?

वाटसरू

मॉडिफाय करायच्या आधीचा स्क्रीनशॉट आहे. १००.०० वर ३,००० दिसतायत, माझे ४०० धरून. आणि यादीप्रमाणे ११:२० पर्यंत १००.०० ला ९०० चे सौदे, त्यानंतर १२:०५ पर्यंत १,२०० चे.

जुनाखांब

मग सगळं समोरच आहे. बघा.

१०:४० ला तुमच्यापुढे १,८००. ११:२० पर्यंत त्यातले ९०० गेले, म्हणजे पुढे उरले ९००. तुमचे ४००. एकूण ३,००० दिसत होते, तर राहिलेले १,७०० तुमच्यामागे येऊन उभे होते. तुम्ही रांगेत चांगल्या जागी होतात.

मग तुम्ही ४०० चे ५०० केले. त्या क्षणी तुम्ही जागा सोडलीत आणि मागे जाऊन उभे राहिलात. आता पुढे ९०० अधिक १,७००, म्हणजे २,६००. तुमचे ५०० त्यांच्यामागे. नंतर १,२०० चे सौदे झाले. २,६०० मधून १,२०० गेले तरी १,४०० पुढेच होते. तुमच्यापर्यंत रांग आलीच नाही.

हात लावला नसतात तर? पुढे ९०० होते, विकायला आले १,२००. तुम्हाला ३०० मिळाले असते. तुमचा ३०० चा आकडा बरोबर आला होता, फक्त तो न बदललेल्या ऑर्डरचा होता.

जास्त १०० हवे होते तर १०० ची वेगळी ऑर्डर टाकायची. जुनी ४०० आपल्या जागी, नवी १०० मागे.

मेघना_स

जुनाखांब काका, एक शंका. मधल्या वेळात पुढच्या कुणी ऑर्डर रद्द केली असेल तर? तुमच्या गणितात ते धरलेलं नाही.

जुनाखांब

चांगली शंका आहे. धरलं नाही, कारण स्क्रीनवरून ते कळत नाही. पण दिशा कळते. तुमच्यापुढे असलेले शेअर एक तर सौद्यात जातात किंवा रद्द होतात, दोन्हींत आकडा कमीच होतो. तुम्ही ऑर्डरला हात लावला नाही तर त्याच भावाला तुमच्यापुढे नवीन कुणी येऊ शकत नाही. तेव्हा ३०० हा कमीत कमी आकडा होता. पुढच्यांपैकी १०० कुणी रद्द केले असते तर पूर्ण ४०० मिळाले असते.

पुढे यायचा मार्ग एकच, जास्त भाव देणं. आणि इथे तोही बंद होता. खरेदी १००.०० आणि विक्री १००.०५, आणि भाव ज्या सगळ्यात लहान पावलाने हलतो ती टिक या शेअरला तेव्हा ०.०५ होती. मध्ये जागाच नाही. कुणी १००.०५ लावले तर ती ऑर्डर रांगेत न थांबता समोरच्या विक्रेत्याशी लगेच जुळते. त्यामुळे सगळी गर्दी १००.०० वर उभी आणि फक्त वेळ मोजली जातेय.

गणितवेडा

मी अशाच मशीनचं छोटं रूप लिहून बघितलं आहे. वाटसरूंचा सगळा प्रश्न या दोन ओळींत मावतो :

```
buys.sort(key=lambda o: (-o.price, o.seq))
sells.sort(key=lambda o: (o.price, o.seq))
```

`seq` म्हणजे पोचल्याचा क्रमांक. घड्याळाची वेळ मी मुद्दाम वापरली नाही. दोन ऑर्डरना एकच वेळ लागू शकते, एकच क्रमांक लागत नाही. क्वांटिटी या किल्लीत कुठेच नाही, म्हणून मोठी ऑर्डर पुढे जाण्याचा प्रश्न येत नाही. मॉडिफायमध्ये क्वांटिटी वाढली तर मी `seq` नवा देतो, घटली तर जुनाच ठेवतो. अर्धीच ऑर्डर जुळली तर उरलेल्याचाही `seq` जुनाच राहतो.

खऱ्या मशीनमध्ये दरवेळी असं सॉर्ट करत नाहीत. प्रत्येक भावाची वेगळी रांग ठेवतात, नवीन आला की शेवटी जोडतात, सौदा झाला की पुढून काढतात.

अबोली

माझंही असंच झालंय, पण त्याहून वाईट. माझी ऑर्डर २५० ला होती, चार्टवर त्या दिवसाचा नीचांक २४९.८० दिसतोय, आणि तरी मला मिळाले नाहीत. माझ्या भावाच्याही खाली सौदे झाले! ऑर्डरला मी अजिबात हात लावला नव्हता. मग हे रांगेचं कसं म्हणायचं?

जुनाखांब

अबोली ताई, तुमची गोष्ट वेगळी आहे आणि ती रांगेची असूच शकत नाही. २५० ला खरेदीदार उभा असताना त्याच पुस्तकात, म्हणजे एक्स्चेंजकडे उभ्या असलेल्या ऑर्डरींच्या यादीत, २४९.८० ला सौदा होणं शक्य नाही. विकायला आलेला आधी २५० वाल्यांना भेटणार, ते सगळे संपले की मगच खाली जाणार. वेळेचा नियम लागतो तो एका भावाच्या आत, भावाचा नियम त्याच्या वर.

तेव्हा तीन शक्यता तपासा. शेअर दोन एक्स्चेंजांवर आहे का, आणि ऑर्डर एका एक्स्चेंजवर नि चार्ट दुसऱ्याचा असं झालंय का? दोन्हींची पुस्तकं वेगळी, रांगा वेगळ्या. दुसरं, २४९.८० चा सौदा झाला तेव्हा तुमची ऑर्डर खरोखर एक्स्चेंजमध्ये पोचली होती का? ॲपमध्ये ऑर्डर दिसते म्हणजे ती पोचलीच असं नाही. आणि तिसरं, ठरवलेला भाव आला की मगच जागी होणारी ट्रिगरवाली ऑर्डर होती का? ट्रिगर लागेपर्यंत ती पुस्तकात नसतेच.

अबोली

बघितलं. ऑर्डर एका एक्स्चेंजवर होती आणि चार्ट खरंच दुसऱ्याचा आहे. माझ्या एक्स्चेंजवरचा नीचांक बरोबर २५०.०० आहे. म्हणजे मीही वाटसरूंसारखीच रांगेत अडकले होते.

जुनाखांब

हो. एक खूण लक्षात ठेवा. तुमच्याच एक्स्चेंजवर तुमच्या भावाच्या एक टिक खाली एक जरी सौदा झाला असेल आणि तुम्ही तेव्हा पुस्तकात असाल, तर तुमची ऑर्डर पूर्ण झालेली असलीच पाहिजे. नसेल तर ब्रोकरकडे लेखी तक्रार करा, तिथे खरंच काहीतरी बिघडलं आहे. नीचांक तुमच्या भावाला फक्त टेकला असेल तर तक्रारीला जागा नाही.

तिरपा_कोन

पण मी ऐकलं ते खोटं कसं? क्वांटिटीच्या प्रमाणात वाटणी होते असं त्या माणसाने ठामपणे सांगितलं होतं.

जुनाखांब

तो बहुधा प्रो-राटाबद्दल बोलत असणार. अल्पमुदतीच्या व्याजदरांच्या काही फ्युचर्समध्ये तशी पद्धत आहे. समजा एका भावाला एकाचे ९०० आणि दुसऱ्याचे १०० उभे आहेत आणि समोरून १०० आले. आपल्या पद्धतीत जो आधी आला त्याला सगळे. प्रो-राटात ९० आणि १०. तिथे मोठ्याला जास्त मिळतं हे खरं. त्याचा परिणाम असा होतो की लोक हवे त्यापेक्षा खूप जास्त लावतात, कारण वाटा मोठा मिळावा. काही ठिकाणी दोन्हींचं मिश्रण असतं, पहिल्या माणसाला थोडं राखून बाकीचं प्रमाणात. शेअरच्या बाजारात बहुतेक ठिकाणी भाव आणि वेळच.

तिरपा_कोन

ठीक. मग माझं फ्युचर्सपुरतं बरोबर होतं.

जुनाखांब

काही फ्युचर्सपुरतं. सगळे फ्युचर्स तसे नाहीत.

पाऊलखुणा

जरा वेगळा प्रश्न. मी १०२ ला खरेदी लावली होती, मिळाले १०१.४० ला. ब्रोकरने चूक केली का? मला फायदाच झालाय, पण नंतर परत मागतील का अशी भीती वाटते.

मेघना_स

नाही मागणार. सौदा नेहमी आधीपासून उभ्या असलेल्या ऑर्डरच्या भावाला होतो. कुणी १०१.४० ला विकायला उभा होता, तुम्ही १०२ पर्यंत द्यायला तयार होतात, तर तुम्हाला १०१.४० लागले. १०२ ही तुमची मर्यादा होती.

पाऊलखुणा

पण हे बाजार उघडायच्या आधी टाकलं होतं. उघडताना तर सगळे एकदमच येतात, उभा कोण आणि आलेला कोण?

मेघना_स

अरे, मग माझं उत्तर तुमच्या बाबतीत लागू नाही. काका, हे तुम्ही सांगा.

जुनाखांब

उघडतानाचा लिलाव वेगळा असतो. तिथे ऑर्डर येतील तशा जुळवत नाहीत. सगळ्या गोळा करतात आणि असा एकच भाव शोधतात की ज्याला सगळ्यात जास्त शेअरची देवघेव होईल. तो १०१.४० निघाला तर १०२ वाल्यालाही १०१.४० आणि १०३ वाल्यालाही १०१.४०. वेळेचा संबंध फक्त शेवटच्या काठावर येतो. बरोबर १०१.४० लावणारे जास्त झाले आणि शेअर कमी पडले तर त्यांच्यात आधी आलेल्याला मिळतात. तुम्ही १०२ लावले होते, म्हणजे काठापासून लांब होतात.

सावकाश

धागा वाचतोय, आणि एक गोष्ट खटकतेय. वाटसरूंनी म्हटलं की १,८०० दिसत होते. पण काही वेळा मी बघतो, १०० वर ५०० दिसतात, ५०० चा सौदा होतो, आणि परत ५०० च दिसतात. दहा दहा वेळा. तो कोण असतो? तो माझ्यापुढे आहे की मागे?

गणितवेडा

ती अंशतः लपवलेली ऑर्डर. कुणालातरी ५,००० घ्यायचे आहेत, पण एका वेळी ५०० च दाखवतो. पहिले ५०० संपले की पुढचे ५०० बाहेर येतात. माझ्या प्रोग्रामात बाहेर आलेल्या प्रत्येक तुकड्याला नवा `seq` मिळतो, म्हणजे तो रांगेच्या शेवटी जातो. तेव्हा तुम्ही त्याच्या पहिल्या ५०० च्या मागे असाल तर ते ५०० गेल्यावर तुमचा नंबर लागतो. त्याचे उरलेले ४,५०० तुमच्यापुढे येत नाहीत.

जुनाखांब

बहुतेक ठिकाणी असंच आहे. लपवलेल्या भागाचं नेमकं काय होतं ते प्रत्येक एक्स्चेंजच्या नियमपुस्तकात स्वतंत्र लिहिलेलं असतं, म्हणून आपापल्या एक्स्चेंजचं बघून घ्यावं. पण तत्त्व तेच. न दाखवण्याची किंमत म्हणून त्याला रांगेतली जागा सोडावी लागते.

वाटसरूंच्या गणितावर याचा परिणाम इतकाच की मागे किती उभे आहेत हा आकडा दिसतो त्यापेक्षा मोठा असू शकतो. पण मागे जाऊन उभं राहिलात तरी या पद्धतीत त्यातले दिसणारेच तुमच्यापुढे येतात, लपलेले नाहीत.

वाटसरू

सगळं पटलं. थोडं वाईट वाटतंय की ११:२० ला मी स्वतःच उठून मागे गेलो. पण मग पुढच्या वेळी काय करू? ८५ मिनिटं उभं राहण्यापेक्षा सरळ १००.०५ ला घेऊन टाकू का? ४०० शेअरला फरक २० चा.

सावकाश

घेऊन टाका. २० साठी ६० पैशांची चाल हुकली, तीच ४०० वर २४० होते.

गणितवेडा

सावकाश, एवढं सोपं नाही. भाव वर गेला म्हणून आज तसं वाटतंय. भाव खाली गेला असता तर १००.०० लाही मिळाले असते आणि तोटा झाला असता. खरं तर रांगेत मागे उभं राहण्यातली अडचण हीच आहे. मागच्याला शेअर कधी मिळतात? पुढचे सगळे संपले तर. म्हणजे विकणारे इतके आले की अख्खा भाव खाऊन टाकला, आणि अशा वेळी पुढचा सौदा बहुधा खालच्या भावाला होतो. पुढे असणाऱ्याला मात्र थोडीशी विक्री आली तरी मिळतात आणि भाव तिथेच टिकू शकतो. त्यामुळे १,८०० च्या मागचे ४०० आणि १०० च्या मागचे ४०० ही एकच ऑर्डर समजू नये. भाव एकच, पण मिळायची वेळ आणि मिळाल्यानंतरचं नशीब वेगळं.

मेघना_स

मी याला असं बघते. पुढे किती उभे आहेत आणि त्या भावाला तासाभरात किती सौदे होतात, हे दोन आकडे शेजारी ठेवायचे. वाटसरूंकडे ४० मिनिटांत ९०० गेले होते. सकाळी पुढे १,८०० होते, म्हणजे त्याच वेगाने ८० मिनिटं लागणार. तेवढं थांबायची तयारी असेल तर रांग, नाहीतर १००.०५.

गणितवेडा

वेग सारखा राहील हे कशावरून? ११:२० नंतर ४५ मिनिटांत १,२०० गेले.

मेघना_स

राहणार नाही, मान्य. पण अंदाजच नसण्यापेक्षा हा बरा.

जुनाखांब

मी दोघांच्या मध्ये आहे. टिक भावाच्या मानाने मोठी असेल तर रांगा लांब होतात आणि रांगेतल्या जागेला फार किंमत येते. टिक लहान असेल तर कुणीही एक टिक जास्त देऊन तुमच्यापुढे येतं आणि तासभर उभं राहण्याला अर्थ उरत नाही. वाटसरूंच्या शेअरमध्ये रांग लांब होती, म्हणून मी तरी सकाळीच २०० रांगेत लावले असते आणि २०० लगेच १००.०५ ला घेतले असते. पण त्यांना शेअर आजच हवे होते की मिळाले तर हवे होते, हे त्यांनाच ठाऊक.

वाटसरू

मिळाले तर हवे होते. म्हणून तर १०० लावले. पण मेघना ताईंची ८० मिनिटांची पद्धत मी आजच्या यादीवर लावून बघतो. दुसऱ्या एका शेअरमध्ये सकाळपासून उभा आहे, पुढे २,२०० होते, आत्तापर्यंत १,३५० गेलेत. आणि या वेळी ऑर्डरला हात लावलेला नाही.

अबोली

रद्द झालेले धरले तर पुढे ८५० पेक्षा कमीच असतील ना?

वाटसरू

हो, ८५० किंवा कमी. भाव अजून तिथेच आहे. संध्याकाळी सांगतो.